डायलिसिस पेशंटला कावीळ-बीची लस दुप्पट का, आणि टायटर पुन्हा पुन्हा का तपासायचा

डायलिसिस नुकतंच सुरू झालेलं असतं. घरच्यांच्या पिशवीत कागदांचा गठ्ठा असतो आणि त्यातच एक चिठ्ठी असते: हिपॅटायटिस बी लस, ४० मायक्रोग्रॅम, ०-१-२-६. मुलगा ती घेऊन मेडिकलमध्ये जातो. दुकानदार फ्रीजमधून एक कुपी काढून देतो, मुलगा ती आणून आमच्या हातात ठेवतो. कुपीवर २० मायक्रोग्रॅम छापलेलं असतं. आमच्यापैकी कुणी ते वाचलं नाही, तर पेशंटला अर्धाच डोस जातो. त्या दिवशी कुणाला काही कळत नाही, आणि कळतं तेव्हा सहा-सात महिने निघून गेलेले असतात.

मी सांगलीत एका डायलिसिस युनिटमध्ये सिस्टर आहे. ज्यांच्या घरात नुकतंच डायलिसिस सुरू झालंय, त्यांच्यासाठी ही लस सुरुवातीपासून कशी घ्यायची ते इथे लिहिते. तासगावकडच्या एका काकांचं उदाहरण घेते. वय अठ्ठावन्न, वीस वर्षांची शुगर, आठवड्याला तीन डायलिसिस. या लसीत येणाऱ्या बहुतेक अडचणी त्यांना आल्या, म्हणून त्यांची फाइल शिकवण्यासारखी आहे.

लस टोचायच्या आधी तीन तपासण्या

हिपॅटायटिस बी म्हणजे लोक जिला पांढरी कावीळ म्हणतात ती. तिचा विषाणू रक्तातून पसरतो आणि शरीराबाहेर वाळलेल्या रक्ताच्या डागातही सात दिवस जिवंत राहू शकतो. डायलिसिसच्या हॉलमध्ये एका पाळीत अनेकांचं रक्त शरीराबाहेर फिरत असतं. कुठे हातमोजा बदलायचा राहिला, कुठे मशीनचं बटण पुसायचं राहिलं, तर डोळ्यांना न दिसणारा थेंबही पुरेसा असतो. म्हणूनच ज्याला ही कावीळ आहे त्याचं मशीन वेगळं ठेवतात.

पहिल्या डायलिसिसच्या वेळी तीन गोष्टी तपासल्या आहेत ना, ते विचारा. पहिली एचबीएसएजी. विषाणू आत्ता अंगात आहे का, हे ती सांगते. दुसरी अँटी-एचबी कोअर. पूर्वी कधी संसर्ग होऊन गेला का, ते तिच्यावरून कळतं. तिसरी अँटी-एचबीएस, म्हणजे संरक्षण देणारी प्रतिपिंडं रक्तात किती आहेत. या तिसरीलाच आमच्याकडे टायटर म्हणतात.

काकांच्या पहिल्या दोन्ही तपासण्या निगेटिव्ह आल्या आणि टायटर शून्य. म्हणजे आजारही नाही आणि संरक्षणही नाही. लस घ्यायची ती अशा माणसाने. "लहानपणी घेतली असेल की," असं त्यांचा मुलगा म्हणाला. पण ही लस देशभरातल्या बाळांच्या नियमित लसीकरणात २०११ मध्ये आली. काकांच्या वयाच्या माणसाला ती लहानपणी मिळालेली नसते.

एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. नुकतंच रक्त किंवा प्लाझ्मा चढवलं असेल, तर दात्याची प्रतिपिंडं पेशंटच्या रिपोर्टमध्ये दिसू शकतात. ती उसनी असतात आणि काही आठवड्या-महिन्यांत निघून जातात. तपासणीच्या आधीच्या आठवड्यांत रक्त चढवलं असेल तर डॉक्टरांना आठवणीने सांगा.

चाळीसचं गणित

मोठ्या माणसाचा नेहमीचा डोस २० मायक्रोग्रॅमचा, एक मिलिलिटर. डायलिसिस पेशंटला ४०. आपल्याकडे मेडिकलमध्ये मिळते ती साधारणपणे २० ची कुपी, त्यामुळे प्रत्येक वेळी दोन कुप्या लागतात. बहुतेक ठिकाणी दोन मिलिलिटर एकाच जागी टोचत नाहीत, दोन सुया करतात.

कुपी हातात आली की लेबल वाचा. मुलांची कुपी १० मायक्रोग्रॅमची, अर्ध्या मिलिलिटरची असते. डबा सारखाच दिसतो म्हणून ती घेऊन आलेली माणसं मी पाहिली आहेत. दुकानात "कावीळची लस द्या" एवढंच म्हणू नका. "मोठ्यांची, वीस मायक्रोग्रॅमची, दोन" असं म्हणा आणि एक्स्पायरीची तारीख तिथेच बघा.

दुप्पट का लागते, हा प्रश्न प्रत्येक घरातून येतो. लस म्हणजे विषाणूच्या बाहेरच्या आवरणातलं एक प्रथिन. ते यीस्टमध्ये तयार करतात. त्यात जिवंत विषाणू नसतो, त्यामुळे लसीमुळे कावीळ होत नाही. हे प्रथिन शरीराने ओळखायचं आणि त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडं बनवायची, एवढंच काम. किडनी निकामी झाल्यावर रक्तात जी घाण साचते, तिने ओळखणाऱ्या आणि निरोप पुढे पोचवणाऱ्या पेशी सुस्तावतात. डायलिसिसने ती घाण काही प्रमाणात कमी होते, पेशी मात्र पूर्ववत होत नाहीत. निरोगी तरुणांत शंभरातल्या नव्वदहून जास्त जणांमध्ये नेहमीच्या डोसनेच पुरेशी प्रतिपिंडं तयार होतात. डायलिसिसवर हे प्रमाण बरंच घसरतं, आणि वय, शुगर, रक्तातलं अल्ब्युमिन नावाचं प्रथिन कमी असणं यांनी आणखी खाली येतं. म्हणून प्रथिनाची मात्रा दुप्पट करायची आणि डोसही एक जास्त द्यायचा.

यातूनच एक व्यवहाराची गोष्ट निघते. क्रिएटिनिन वाढत चाललंय पण डायलिसिस अजून लागलेलं नाही, असं कुणी घरात असेल तर लसीचं आत्ताच विचारा. डायलिसिसच्या आधी घेतलेली लस जास्त चांगली लागते. काकांना वर्षभर आधी कुणी सांगितलं असतं, तर पुढचा बराच त्रास वाचला असता. याची मला आजही चुटपुट आहे.

तारखा, हात आणि सुई

०-१-२-६ म्हणजे पहिला डोस आज, दुसरा एक महिन्याने, तिसरा दोन महिन्यांनी, चौथा सहा महिन्यांनी. सगळे महिने पहिल्या डोसपासून मोजायचे. काकांच्या तारखा होत्या १२ जानेवारी, १२ फेब्रुवारी, १२ मार्च आणि १२ जुलै. मार्चनंतर चार महिने मोकळे जातात आणि चौथा डोस तिथेच विसरला जातो. द्राक्षाचा हंगाम संपतो, पाऊस लागतो, पेरण्या येतात, चिठ्ठी कुठेतरी दबते. मुलाच्या मोबाइलमध्ये जुलैची आठवण जानेवारीतच लावून ठेवा. उशीर झालाच तर पहिल्यापासून सुरुवात करायची नसते, राहिलेला डोस लगेच घ्यायचा. काही कंपन्यांच्या लसीचं वेळापत्रक वेगळं असतं. तुमच्या नेफ्रॉलॉजिस्टनी जे लिहून दिलंय तेच धरा.

सुई दंडाच्या वरच्या स्नायूत. कमरेत नाही. कमरेला चरबी जास्त असते, लस तिथे स्नायूपर्यंत पोचत नाही आणि टायटर कमी येतो. डायलिसिससाठी ज्या हातात शिरा जोडून फिस्टुला केलेला असतो, त्या हातात सुई नको. मग दोन्ही सुया दुसऱ्याच दंडात, दोन बोटांचं अंतर ठेवून द्याव्या लागतात. डायलिसिस चालू असताना रक्त पातळ ठेवायला हेपॅरिन दिलेलं असतं, त्यावर स्नायूत सुई टोचली की आत रक्त साकळून गाठ येऊ शकते. आम्ही हेपॅरिन सुरू करण्याच्या आधी टोचतो, बारीक सुई वापरतो आणि दोन मिनिटं कापूस दाबून धरतो. चोळायचं नाही. दुसऱ्या दिवशी दंड दुखतो, कधी थोडी कणकण येते, ती एक-दोन दिवसांत जाते.

तासगाव ते सांगली, बर्फाच्या थर्मासात

ही लस २ ते ८ अंश सेल्सियसमध्ये ठेवायची असते. उन्हाने ती बिघडते हे सगळ्यांना ठाऊक असतं. गोठल्याने ती जास्त वाईट बिघडते, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. लसीत ॲल्युमिनियमचा क्षार असतो, प्रथिन त्याला चिकटून असतं. गोठलं की ते कण एकमेकांना चिकटून गोळा होतात, आणि वितळल्यावर कुपी वरून पुन्हा लसीसारखीच दिसू लागते. गुण मात्र गेलेला असतो.

मार्चमधल्या तिसऱ्या डोसला काकांच्या मुलाने फार काळजी घेतली. तासगावात कुप्या घेतल्या, थर्मासात बर्फाचे खडे भरले आणि कुप्या त्यात रोवल्या. एसटी यायला वेळ लागला, वाटेतही वेळ गेला. त्यानेच कौतुकाने सांगितलं, "सिस्टर, बघा की, कशा गारढोण आणल्यात." मी त्या दिवशी हॉलमध्ये नव्हते. ज्यांनी टोचली त्यांनी कुपी नीट पाहिली नाही. ही चूक आमची, त्या पोराची नाही. त्याला कुणी समजावूनच सांगितलं नव्हतं.

शक्यतो लस डायलिसिस सेंटरजवळच्या दुकानातून, टोचायच्या अर्धा तास आधी घ्या. लांबून आणावीच लागली तर कुपीभोवती कागद किंवा कापड गुंडाळा, मगच आइसपॅकजवळ ठेवा. बर्फाचा थेट स्पर्श नको. घरच्या फ्रीजमध्ये ठेवायची वेळ आली तर मधल्या कप्प्यात ठेवा. फ्रीझरखाली नको आणि दारातही नको. कुपी हलवल्यावर आतलं पाणी एकसारखं पांढुरकं दिसलं पाहिजे. खडे, तुकडे दिसले, किंवा थोडा वेळ ठेवल्यावर गाळ भराभर खाली बसून वर स्वच्छ पाणी राहिलं, तर ती कुपी टोचू देऊ नका.

मधेच पॉझिटिव्ह आलं तर

फेब्रुवारीच्या डोसनंतर आठव्या दिवशी काकांची महिन्याची तपासणी झाली आणि एचबीएसएजी किंचित पॉझिटिव्ह आली. घरात रडारड झाली. काकूंनी तर लसीवरच बोट ठेवलं.

वर लिहिलं तसं, लसीत असतं ते विषाणूच्या आवरणाचं प्रथिन. एचबीएसएजीची तपासणी नेमकं तेच प्रथिन शोधते. टोचल्यावर ते काही दिवस रक्तात फिरतं आणि लॅबचं मशीन त्यालाच पकडतं. डायलिसिस पेशंटमध्ये ते काही आठवडेसुद्धा दिसू शकतं. त्यामुळे महिन्याचं रक्त लसीच्या आधी काढायचं आणि मग टोचायचं, हा क्रम सोपा पडतो. आमच्याकडून तो त्या महिन्यात चुकला होता.

पण लसीमुळेच आलं असेल असं म्हणून सोडूनही द्यायचं नसतं. काकांना तोवर वेगळ्या मशीनवर घेतलं आणि विषाणूच्या डीएनएची तपासणी केली, ती निगेटिव्ह आली. बारा मार्चला तिसऱ्या डोसच्या आधी पुन्हा रक्त काढलं, एचबीएसएजी निगेटिव्ह आणि अँटी-एचबी कोअरही निगेटिव्ह. मग ते आपल्या जुन्या मशीनवर परत आले.

दहाचा आकडा

चौथा डोस झाला की बहुतेक घरं लसीचा विषय संपला असं समजतात. काकाही म्हणाले, "सिस्टर, चार झाल्या की वो. आता परत रक्त कशाला काढताय?"

त्यांना मी सांगितलं ते असं. "काका, सुया टोचल्या हे मला माहीत आहे. त्या लागू पडल्या का, हे तुमचं रक्तच सांगेल." शेवटच्या डोसनंतर एक ते दोन महिन्यांत अँटी-एचबीएस तपासायची. फार लवकर केली तर आकडा पुरता चढलेला नसतो. फार उशिरा केली आणि तो कमी आला, तर लस लागलीच नाही की लागून उतरली, हे ठरवता येत नाही. लॅबमध्ये "टायटर, आकड्यासकट" असं स्पष्ट सांगा. काही लॅब नुसतं पॉझिटिव्ह-निगेटिव्ह लिहून देतात, त्याचा पुढच्या वर्षी तुलनेला काही उपयोग होत नाही.

दर मिलिलिटरला १० मिली-इंटरनॅशनल युनिट किंवा त्याहून जास्त आलं, तर संरक्षण आहे असं धरतात. काकांचा २५ ऑगस्टचा आकडा ४.६ आला.

अशा वेळी आधी मागे वळून बघायचं. प्रत्येक डोस खरंच चाळीसचा होता का? दंडातच होता का? लस कशी आणली? फाइलमध्ये कुप्यांची लेबलं चिकटवलेली होती, आठही वीसवाल्या. तेव्हा थर्मासची गोष्ट पुन्हा निघाली आणि तिसरा डोस बहुधा वाया गेला असं आम्ही धरलं. आकडा केवळ त्यामुळे कमी आला, असं मात्र छातीठोक सांगता येणार नाही. वीस वर्षांची शुगर होती, अल्ब्युमिनही तेव्हा कमी होतं.

दहाच्या खाली आलं तर पूर्ण मालिका पुन्हा करायची, एखादा जादा डोस देऊन भागवायचं नाही. काकांनी सप्टेंबर, ऑक्टोबर, नोव्हेंबर आणि पुढचा मार्च असे चार डोस पुन्हा घेतले. या वेळी कुप्या सांगलीतच घेतल्या. अल्ब्युमिनसाठी आहारतज्ज्ञांनी अंड्यातला पांढरा भाग वाढवून दिला होता, तोही ते नेमाने खात होते. एप्रिलमध्ये टायटर आला ८६.

दुसऱ्या मालिकेनंतरही दहाच्या खालीच राहणारे काही पेशंट असतात. त्यांना लस लागत नाही असं मानायचं. त्यांची एचबीएसएजी दर महिन्याला न चुकता करायची. दूषित रक्ताशी संपर्क आल्याचं कळलं तर त्यांना तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन, म्हणजे इम्युनोग्लोब्युलिन, ताबडतोब द्यावं लागतं. डॉक्टरांना हे आधीच माहीत असलेलं बरं. महिन्याची तपासणी चुकवू नका, कारण डायलिसिस पेशंटला ही कावीळ झाली तरी बहुतेकदा डोळे पिवळे होत नाहीत, ताप येत नाही. शरीर तेवढा झगडाच करत नाही. ती गुपचूप अंगात मुरते आणि कायमची राहण्याची भीती निरोगी माणसापेक्षा जास्त असते.

मग दरवर्षी कशासाठी

काकांच्या मुलाने स्वतः लस घेतली होती. त्याला दरवर्षी तपासणी सांगितली नाही आणि वडिलांना सांगितली, याचं त्याला कोडं पडलं.

निरोगी माणसातही काही वर्षांनी प्रतिपिंडं उतरतात, कधी दहाच्या खालीही जातात. पण त्याच्या शरीरात या विषाणूची ओळख जपणाऱ्या पेशी शिल्लक असतात. हा विषाणू अंगात शिरल्यापासून आजार दिसेपर्यंत साधारण दोन ते पाच महिने घेतो. तेवढ्या अवधीत त्या पेशी जाग्या होतात आणि नवी प्रतिपिंडं तयार करतात. डायलिसिस पेशंटमध्ये या जागं होण्यावर भरवसा ठेवता येत नाही. रक्तात आत्ता जितकी प्रतिपिंडं आहेत, तितकंच त्याचं संरक्षण. ती डायलिसिसवर भराभर उतरतात, आणि दहाच्या खाली उतरल्यावर लस घेतलेल्या पेशंटला कावीळ झाल्याचं दिसून आलेलं आहे. म्हणून वर्षातून एकदा टायटर.

काकांचा आकडा पुढच्या एप्रिलला ३१ झाला. काहीही केलं नाही, कारण तो दहाच्या वर होता. त्याच्या पुढच्या एप्रिलला ७. तेव्हा एक बूस्टर दिला, तोही चाळीसचाच, दोन कुप्या, दंडात. एकदा लस लागलेली असली की नंतर बूस्टर पुरतो, सगळी मालिका पुन्हा करावी लागत नाही. डॉक्टरांनी सहा आठवड्यांनी आकडा बघायला सांगितला, तो २१० आला. पुढची तपासणी आता पुन्हा एप्रिलला.

ही लस फक्त बी प्रकारच्या कावीळीपासून आणि तिच्या आधाराने येणाऱ्या डी प्रकारापासून वाचवते. सी प्रकारावर लस नाही. टायटर २१० असला तरी सी ची तपासणी सुरूच ठेवायची, आणि दुसऱ्याचा ब्लेड, शुगर तपासायची सुई वापरायची नाही.

फाइलमधलं एक पान

फाइलच्या पहिल्या पानावर पाच रकाने आखा: तारीख, लसीचं नाव आणि लॉट नंबर, किती मायक्रोग्रॅम, कुठे टोचली, टायटर किती. कुपीचं लेबल सुटत असेल तर तिथेच चिकटवा. डायलिसिसची जागा बदलते. कुणी सांगलीहून मिरजेला जातो, कुणी मुलाकडे पुण्याला, कुणाची ट्रान्सप्लांटची तयारी सुरू होते. प्रत्येक नव्या ठिकाणी पहिल्या दिवशी हेच विचारतात, आणि तोंडी सांगितलेलं कुणी धरत नाही. गेल्या महिन्यात काका भाचीच्या लग्नाला कराडला गेले तेव्हा एक डायलिसिस तिथे करावं लागलं. मुलाने या पानाचा मोबाइलवर काढलेला फोटो दाखवला, तिथल्या सिस्टरनी शेवटची एचबीएसएजी आणि २१० चा आकडा पाहिला, आणि काकांना नेहमीच्या मशीनवर घेतलं.